तो टेक कुठं आहे?

C0037.MP4. शूटिंग आटोपल्यावर कॅमेऱ्याचं कार्ड संगणकाला जोडलं, की फोल्डरमध्ये एकाखाली एक अशी नावं दिसतात. ती कॅमेऱ्याने दिलेली असतात आणि कॅमेऱ्याला एवढंच ठाऊक असतं, की ही आपली सदतिसावी क्लिप. तिच्यात आई आहे की मुलगा, संवाद सरळ आला की अडखळला, ‘कट’ म्हणताना दिग्दर्शक खूश होता की वैतागलेला, यातलं काहीच त्या नावात नसतं. वीस मिनिटांच्या लघुपटालाही अशा तीन-चारशे क्लिप सहज जमतात. मग संकलनाच्या खोलीत दिवसभर एकच प्रश्न ऐकू येत राहतो, ‘तो टेक कुठं आहे?’

मोठ्या चित्रपटांत हाच प्रश्न किती अक्राळविक्राळ होतो, याचा हिशेब वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ या आपल्या पुस्तकात मांडला आहे. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) या चित्रपटाच्या संकलकांपैकी तो एक. त्या चित्रपटासाठी साडेबारा लाख फूट फिल्म जमा झाली होती. म्हणजे २३० तासांहून अधिक चित्रण. त्यातून पडद्यावर आला सुमारे २ तास २५ मिनिटांचा चित्रपट. प्रेक्षकाने पाहिलेल्या प्रत्येक मिनिटामागे ९५ मिनिटं त्याला न दिसलेली होती. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५) या चित्रपटाचं चित्रण तर ४८० तासांच्या घरात गेलं होतं. रोज आठ तास बसून ते नुसतं एकदा बघायचं म्हटलं, तरी साठ दिवस लागतात. मार्गारेट सिक्सेल हिने ते पाहिलं, निवडलं, जोडलं आणि त्यासाठी तिला संकलनाचं ऑस्कर मिळालं.

मराठी लघुपट करणाऱ्या चौघा-पाच जणांच्या गटाकडे ४८० तास नसतात. दहा-बारा तास असतात. पण त्यांच्याकडे सहायक संकलकांची फौजही नसते. बहुतेक वेळा जो सेटवर सहायक दिग्दर्शक होता, तोच घरी येऊन संकलनाला बसतो. त्यामुळे रशेस, म्हणजे शूटिंगमधून आलेलं कच्चं चित्रण, कापायला घेण्याआधी लावून ठेवण्याची गरज त्यांना जास्त असते. आणि नेमकं हेच काम घाईत होतं. कारण ‘फोल्डर लावणं’ हे एकच काम आहे, असा समज असतो. प्रत्यक्षात ती दोन वेगळी कामं आहेत. हार्ड डिस्कवरची मांडणी ही चित्रण कुठून आलं हे सांगण्यासाठी असते, तर संकलनाच्या सॉफ्टवेअरमधली मांडणी ते कशासाठी आहे हे सांगण्यासाठी. या दोन्हींची गल्लत झाली, की पुढचे निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

हार्ड डिस्कवर: जसं आलं तसं

पहिल्या मांडणीचा नियम साधा आहे. कार्डावर जे जसं आहे, ते तसंच्या तसं उतरवायचं. निवडायचं नाही, नावं बदलायची नाहीत, ‘हे फालतू आहे’ म्हणून काही वगळायचं नाही. प्रत्येक कार्डासाठी एक स्वतंत्र फोल्डर, कार्डांचे फोल्डर त्या त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये, आणि ध्वनिमुद्रणाचं घर वेगळं. एका लघुपटाची डिस्क अशी दिसू शकते:

```
GHAR/
  01_FOOTAGE/
    D01_20240312/
      A001/
      A002/
    D02_20240313/
      A003/
  02_SOUND/
    D01_20240312/
    D02_20240313/
  03_LOGSHEETS/
  04_PROJECT/
  05_EXPORT/
```

इथल्या प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला कारण आहे. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी उलटी लिहिली, की संगणक फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लावतो. दिवस आधी लिहिला, तर ३ एप्रिल १२ मार्चच्या वर जाऊन बसतो. 01, 02 असे शून्यासह आकडे दिले, म्हणजे दहा नंबर दोनच्या आधी येत नाही. नावं रोमन लिपीत आणि मधल्या मोकळ्या जागेऐवजी खाली रेघ, कारण ही डिस्क उद्या रंगसंस्कार करणाऱ्याकडे जाईल, परवा साउंड स्टुडिओत, आणि प्रत्येक ठिकाणचं सॉफ्टवेअर देवनागरी नावं किंवा स्पेस नीट वाचेल याची खात्री नसते. A001 हे पहिल्या कॅमेऱ्याचं पहिलं कार्ड. दुसरा कॅमेरा असेल तर त्याची कार्डं B001 पासून सुरू होतात.

कार्डाला वेगळा फोल्डर का, हे एकदा तरी कुणाच्या तरी अंगाशी आल्यावरच कळतं. अनेक कॅमेऱ्यांत कार्ड फॉरमॅट केलं की क्लिपचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतात. मग सकाळच्या कार्डावर C0001 असतो आणि दुपारच्या कार्डावरही C0001. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ओढले, की संगणक विचारतो, ‘जुनी फाइल बदलू का?’ रात्री अकराला दमलेला माणूस ‘हो’ म्हणतो. सकाळचा पहिला टेक तिथेच संपतो.

कार्डावरचे आतले फोल्डर मोडून फक्त व्हिडिओ फाइली बाहेर काढायचा मोहही टाळावा लागतो. सोनीच्या कॅमेऱ्यांत M4ROOT नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक क्लिपसोबत एक छोटी XML फाइल असते. तिच्यात क्लिप कधी आणि कोणत्या सेटिंगवर घेतली, याची नोंद असते. काही कॅमेरे लांबलेला टेक तुकड्यांत साठवतात आणि ते तुकडे एकमेकांना कसे जोडायचे, हे आजूबाजूच्या फाइलींत लिहिलेलं असतं. गोप्रोचं उदाहरण बोलकं आहे. एकच लांब रेकॉर्डिंग तो GX010123, GX020123 अशा नावांनी तोडतो. पुढच्या रेकॉर्डिंगचा पहिला तुकडा असतो GX010124. तुकड्याचा आकडा आधी आणि रेकॉर्डिंगचा नंतर, म्हणून नावाप्रमाणे लावलं, की एका प्रसंगाच्या मध्येच दुसरा प्रसंग घुसतो.

उतरवणं म्हणजे दोन वेगळ्या डिस्कवर उतरवणं. ताशी सुमारे ४५ जीबी या हिशेबाने (सेकंदाला १०० मेगाबिट या नेहमीच्या फोर-के सेटिंगवर एवढं होतं) बारा तासांचं चित्रण साडेपाचशे जीबीच्या आसपास जातं. एक-एक टीबीच्या दोन डिस्क पुरतात. नुसतं कॉपी झालं म्हणजे नीट झालं, असं नसतं. मोठ्या युनिटवर डेटा सांभाळणारा माणूस चेकसम तपासणारं सॉफ्टवेअर वापरतो: मूळ फाइल आणि प्रत या दोन्हींवरून एक आकडा काढला जातो, आणि दोन्ही आकडे जुळले तरच प्रत खरी मानली जाते. छोट्या गटाला तेवढं जमलं नाही, तर निदान कार्डावरच्या आणि डिस्कवरच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून बघावा, आणि प्रत्येक कार्डाची शेवटची क्लिप शेवटपर्यंत चालवून बघावी. कॉपी मध्येच तुटली असेल, तर ते बहुधा तिथे दिसतं. कार्ड फॉरमॅट करायचं ते त्यानंतरच.

इथे पहिलं काम संपतं. या फोल्डरांना यापुढे कुणी हात लावायचा नाही. फाइलींची नावं बदलायची तीव्र इच्छा होते, आणि ती टाळण्याचं कारण असं की एका डिस्कवर नावं बदलली आणि दुसरीवर जुनीच राहिली, तर पहिली डिस्क बंद पडल्यावर दुसरी असून नसल्यासारखी होते. सॉफ्टवेअर जुनी नावं ओळखत नाही आणि टाइमलाइनवर सगळीकडे ‘मीडिया ऑफलाइन’च्या पट्ट्या दिसायला लागतात.

सॉफ्टवेअरमध्ये: सीन, शॉट, टेक

दुसरी मांडणी होते ती प्रीमिअर, रिझॉल्व्ह किंवा एव्हिडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, तिथल्या ‘बिन’ नावाच्या कप्प्यांत. इथे क्लिपला हवं ते नाव देता येतं; डिस्कवरची मूळ फाइल जशीच्या तशी राहते. आणि इथे दिवस-कार्ड हा क्रम उपयोगाचा नसतो, कारण शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होत नाही. घराचं लोकेशन एकच दिवस मिळालं म्हणून सीन २, सीन १४ आणि सीन १९ एकाच दुपारी उरकलेले असतात. संकलकाला मात्र सीन १४ हवा असतो, दुपार नव्हे. म्हणून प्रत्येक सीनचा एक बिन.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं, ते बघण्यासाठी एक सीन घेऊ. समजा, एका लघुपटात सीन १४ असा आहे: संध्याकाळ, गावातलं स्वयंपाकघर. आई भाकऱ्या थापते आहे. पुण्याहून आलेला मुलगा सांगतो, की त्याने शेताचा सौदा पक्का केला आहे. आई काही क्षण गप्प राहते आणि म्हणते, ‘जेवून घे आधी.’ दारात बहीण उभी आहे. पडद्यावर हे सगळं तीन मिनिटांचं.

शूटिंगमध्ये याचे पाच शॉट झाले. सगळा प्रसंग एका चौकटीत दाखवणाऱ्या मास्टरचे चार टेक, आईच्या क्लोजचे सात, मुलाच्या क्लोजचे सहा, हात आणि तव्याच्या इन्सर्टचे तीन, दारातल्या बहिणीचे दोन. एकूण बावीस क्लिप, C0031 ते C0052, मिळून साधारण पन्नास मिनिटं. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला.

पहिली पायरी म्हणजे ओळख पटवणं. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला क्लॅपवर ‘सीन १४, शॉट २, टेक ३’ लिहिलेलं दिसतं आणि सहायक तेच मोठ्याने म्हणतो. ते वाचून C0037 या क्लिपला नाव द्यायचं 14-2-T03. क्लॅपची पट्टी मिटते ती फ्रेम आणि ध्वनीच्या पट्ट्यावर उमटलेला ‘टक्’चा टोकदार डोंगर एकमेकांवर आणला, की चित्र आणि आवाज जुळतात. क्लिपच्या सुरुवातीला क्लॅपच नसेल, तर शेवट बघायचा. घाईत राहिलेला क्लॅप टेक संपल्यावर उलटा धरून देतात. पाटी उलटी दिसली, की ती आधी झालेल्या टेकची, हे सगळ्यांना समजतं.

इथे चुका हमखास निघतात. क्लॅप देणारा पोरगा टेकचा आकडा बदलायला विसरतो आणि ‘टेक ४’ दोनदा येतो. अशा वेळी साक्षीदार तीन असतात: पाटीवरचा आकडा, तोंडी पुकारा आणि सेटवर लिहिलेली लॉगशीट. तिघांपैकी दोघांचं जुळलं, ते धरायचं. मोजदादही करायची. आपल्या सीन १४ मध्ये चित्राच्या क्लिप बावीस आणि आवाजाच्या फाइली एकवीस निघाल्या. शोधल्यावर कळलं, की शॉट ३च्या दुसऱ्या टेकला रेकॉर्डर सुरूच झाला नव्हता. त्या टेकला फक्त कॅमेऱ्याच्या माइकचा लांबून आलेला, घुमणारा आवाज आहे. ही गोष्ट आज कळली, तर नावापुढे ‘साउंड नाही’ एवढं लिहून भागतं. हाच टेक निवडून, कापून, दिग्दर्शकाच्या पसंतीला उतरल्यावर कळली, तर पुन्हा डबिंगची वेळ.

‘चांगला’ लिहून भागत नाही

नावं लागली, आवाज जुळले. आता खरं काम: बावीसच्या बावीस टेक बसून बघायचे आणि लिहायचं. काय लिहायचं, यावर सगळा खेळ आहे.

सेटवरची लॉगशीट सोबत असते. तिच्यात आईच्या क्लोजसमोर असं दिसतं: टेक १ ते ५ एनजी, टेक ६ ओके, टेक ७ होल्ड. एनजी म्हणजे बाद, होल्ड म्हणजे अडीअडचणीला राखून ठेवलेला. पण लॉगशीट ही त्या क्षणी, मावळत्या उजेडाच्या घाईत दिलेली पावती असते. ती पूर्ण टेकला एकच शेरा देते. संकलक मात्र पूर्ण टेक क्वचितच वापरतो. तो तुकडे वापरतो. म्हणून शेरा क्लिपच्या त्या त्या जागेवर मार्कर लावून लिहायचा, नुसत्या क्लिपच्या नावावर नव्हे.

‘चांगला’, ‘बरा’, ‘मस्त’ हे शेरे आठवड्याने निरुपयोगी होतात, कारण कशाने चांगला, ते त्यात नसतं. पाच तारे देण्याची पद्धतही फसते. दहा-बारा क्लिपनंतर सगळ्यांना तीन किंवा चार तारे मिळायला लागतात. त्यापेक्षा काय दिसलं आणि काय ऐकू आलं, ते लिहावं. आईच्या क्लोजचं टिपण असं होतं:

टेक २, लाल. मुलाचा संवाद संपायच्या आत आई बोलते. वापरता येणार नाही.

टेक ३, पिवळा. ‘जेवून’ शब्दावर अडखळली, म्हणून बाद. पण १:१२ ला, ‘कट’ म्हणण्याआधी, परातीतलं पीठ हाताने सारखं करते आणि दाराकडे बघते. चार सेकंद. संवाद नाही.

टेक ५, पिवळा. ‘जेवून घे आधी’ मान वर न करता म्हणते. शांत. सुरुवातीला फोकस गेलेला, ०:४० नंतर ठीक.

टेक ६, हिरवा. पूर्ण चांगला. शेवटच्या वाक्यावर बाहेरून ट्रॅक्टर गेला. आवाज टेक ५ मधून घेता येईल का, पाहणे.

टेक ७, पिवळा. आई ‘जेवून घे’वर मुलाकडे थेट बघते. राग दिसतो. सूर वेगळा.

रंग तीनच ठेवले आहेत. हिरवा म्हणजे सलग वापरता येईल, पिवळा म्हणजे काही भाग कामाचा, लाल म्हणजे बाद. सात-आठ रंग केले, की कोणत्या रंगाचा अर्थ काय, ते लावणाऱ्यालाच आठवत नाही. शेऱ्यांत शब्दही ठरावीक वापरावे लागतात. एका ठिकाणी ‘ट्रॅक्टर’, दुसऱ्या ठिकाणी ‘बाहेरचा आवाज’, तिसऱ्या ठिकाणी ‘साउंड प्रॉब्लेम’ लिहिलं, तर शोधपट्टीत काहीही टाइप केलं तरी तीनपैकी एकच सापडतो. ‘साउंड’ हा एक शब्द सगळीकडे ठेवला आणि त्यापुढे तपशील लिहिला, की तिन्ही एकदम समोर येतात.

लाल टेकही काढून टाकायचे नाहीत. टेक ३ बाद आहे, पण सीनमधली सगळ्यात अवघड जागा तोच सावरतो. मुलाचं बोलणं आणि आईचं उत्तर यांच्यामध्ये शांतता हवी होती. पूर्ण झालेल्या टेकमध्ये ती दीड सेकंदाची आहे, कारण अभिनेत्रीला पुढचा संवाद ठाऊक आहे. टेक ३ मध्ये संवाद चुकल्यावर ती क्षणभर स्वतःतच हरवली आणि पीठ सारखं करत दाराकडे बघत राहिली. ती चार सेकंदं तिथे बसवली, की आई खरोखर विचार करते आहे असं वाटतं. मार्करशिवाय ती चार सेकंदं पुन्हा कुणाला सापडली नसती. लॉगशीटवर तो टेक फुलीने संपलेला होता.

आता दिग्दर्शक संकलनाला येऊन बसतो आणि म्हणतो, ‘अरे, एक टेक होता बघ, ज्यात ती वर न बघताच बोलते. तो लाव ना.’ सीन १४चा बिन, शॉट २, ‘मान वर न करता’ असं टाइप केलं की टेक ५, ०:४० च्या पुढे. दहा सेकंदांत उत्तर. हेच टिपण नसतं तर सातही टेक पुन्हा चालवावे लागले असते, म्हणजे सतरा-अठरा मिनिटं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बघताना दोघंही थकलेले असतात. मग ‘जाऊ दे, सहावा ठीक आहे’ असा निकाल लागतो. नीट न लावलेल्या रशेसचा खरा तोटा हा असतो. वेळ वाया जातोच. शिवाय कंटाळ्यापोटी दुय्यम टेक चित्रपटात राहून जातो.

शोध लागतो तो माहीत असलेल्याचाच

या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि मर्चनेच ती नेमकी दाखवली. फिल्मच्या काळात एखादा शॉट हवा असला, तर दहा मिनिटांचं रीळ यंत्रावर पुढे-मागे पळवावं लागायचं. ते कटकटीचं होतं, पण त्या पळापळीत न मागितलेले शॉट डोळ्यांखालून जात आणि कधी कधी मनात असलेल्या शॉटपेक्षा वाटेत दिसलेलाच सरस निघे. संगणक मात्र मागितलेला शॉटच आणून देतो. लेबलं जितकी काटेकोर, तितकी ही वाटेतली भेट कमी.

यावरचा उपाय बहुतेक अनुभवी संकलक करतात. प्रत्येक सीनची एक वेगळी टाइमलाइन करून तिच्यात सगळे टेक शूटिंगच्या क्रमाने एकापाठोपाठ लावून ठेवायचे, बाद टेकसह. सीन १४ची पन्नास मिनिटांची ही सलग पट्टी कापण्याआधी एकदा पूर्ण बघायची आणि पहिला कट झाल्यावर पुन्हा एकदा वेगाने पळवायची. दुसऱ्यांदा बघताना सीनमध्ये काय कमी पडतंय, ते ठाऊक असतं, आणि पहिल्या खेपेला लाल केलेला तुकडा अचानक उपयोगी दिसतो. महत्त्वाच्या एका वाक्यासाठी आणखी एक पट्टी करतात: ‘जेवून घे आधी’ हे एकच वाक्य, मास्टरच्या चार आणि क्लोजच्या सात टेकमधून कापून, ओळीने. अकरा वेळा लागोपाठ ऐकलं, की टेक ५ आणि टेक ७ यांच्यातला फरक वादाशिवाय कळतो.

मर्चची आणखी एक सवय कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय करता येते. तो प्रत्येक मांडणीच्या शॉटमधल्या प्रातिनिधिक फ्रेमचे फोटो काढून भिंतीवरच्या फलकांवर सीननुसार लावायचा. शब्दांत न मावणारी चेहऱ्यावरची छटा त्या फोटोत पकडली जाते आणि न जोडलेल्या दोन सीनचे चेहरे शेजारी-शेजारी दिसतात. लघुपटासाठी दर शॉटमागे एक-दोन फ्रेम निवडून ए-फोर कागदावर छापल्या, तरी हे काम होतं.

माहितीपटाला सीन-शॉट-टेक ही चौकट लागू पडत नाही, कारण तिथे संहिता आधी नसते आणि सहसा क्लॅपही नसतो. तिथे माणूस, जागा आणि विषय असे तीन शब्द प्रत्येक क्लिपला जोडतात, आणि मुलाखती शब्दशः उतरवून वेळेसह छापून घेतात. संकलन अर्धंअधिक त्या कागदांवर खुणा करून होतं. लग्नसमारंभाच्या चित्रणात अडचण वेगळीच असते. तीन कॅमेरे, तिघांची घड्याळं तीन वेळा दाखवणारी. एकाची तर मागच्या वर्षावर अडकलेली. सकाळी हळदीच्या आधी तिन्ही कॅमेऱ्यांची वेळ एक करून घेतली, तर संध्याकाळी सगळ्या क्लिप वेळेनुसार लावल्या की मंगलाष्टकांचे तिन्ही कोन आपोआप एका ठिकाणी येतात. हे काम दोन मिनिटांचं असतं, पण ते शूटिंगच्या आधीच करावं लागतं.

बघणं, थांबणं, लिहिणं यांत चित्रणाच्या दुपटीहून थोडा जास्त वेळ जातो. सीन १४च्या पन्नास मिनिटांना दोन तास धरावेत. बारा तासांच्या लघुपटाला तीन-चार दिवस. एवढा वेळ वेळापत्रकात आधीच लिहून ठेवावा, नाहीतर तो संकलनाच्या दिवसांतून चोरला जातो. आणि पुढच्या शूटिंगला निघताना क्रूमधल्या एकाला लॉगशीट लिहिण्याचंच काम द्यावं, दुसरं कुठलंही नाही. त्याने सीन, शॉट, टेक यांसोबत प्रत्येक टेकपुढे एक ओळ लिहावी: काय चुकलं, काय जमलं, ट्रॅक्टर कधी गेला. त्याच रात्री, सेटवरचं सगळं डोक्यात ताजं असताना, ती शीट आणि त्या दिवसाच्या क्लिप समोरासमोर ठेवून निदान नावं तरी लावून घ्यावीत.